काकाचा रेनकोट

दापोली तालुक्यातल्या बुरोंडी गावच्या पहिलीच्या मुलाची गोष्ट लिहायची झाली, तर त्याच्या अंगावरचा रेनकोट कुणाचा, हे आधी ठरवावं लागेल. मी तो काकाचा ठरवतो. काका हर्णै बंदरातल्या एका नौकेवर खलाशी. राज्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्यामुळे जूनच्या मध्याला शाळेची घंटा होते, तेव्हा काकाचा जाडजूड रेनकोट खुंटीवर रिकामाच असतो. तोच पुतण्याच्या अंगावर चढतो.

मोठ्या माणसाचा कोट लहान अंगावर बसवायचा, तर आईला हिकमत करावी लागते. कमरेला सुतळी बांधून वरचं कापड ओढून घेतलं की घोळ पायात येत नाही. बाह्या आतल्या बाजूला दुमडायच्या. बाहेर दुमडल्या तर त्या घडीत पाणी साचतं आणि हात वर केला की थेट कोपरापर्यंत उतरतं. टोपीवर मात्र इलाज सापडत नाही. पोरगं मान वळवतं, टोपी जागची हलत नाही, आणि डोळ्यांपुढे येतं नुसतं अस्तर. मागून येणारी गाडी बघायला त्याला सगळं अंग फिरवावं लागतं. अरुंद उताराच्या रस्त्यावर मला खरी भीती वाटते ती याची. एक सोय मात्र आहे. दप्तर पाठीवर घेऊनही बटणं लागतात, म्हणून पहिल्या दिवशी मिळालेली नवी पुस्तकं कोरडी घरी येतात. बेताच्या मापाच्या रेनकोटात तेवढंही होत नाही.

ऑगस्ट उजाडला की नौका पुन्हा दर्यावर जातात आणि काकाला कोट परत लागतो. पाऊस तर सप्टेंबरपर्यंत असतो. दापोली तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा याच चार महिन्यांत. म्हणजे उसना कोट ऐन पावसाळ्यात हातचा जातो आणि पोराच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी येते.

सरकारी शाळेत पुस्तकं आणि गणवेश मोफत मिळतात. २०२३ पासून त्यात बूट आणि मोजेही आले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण किनारपट्टीवर पावसाळ्यात बूट-मोजे भिजले की दिवसभर सुकत नाहीत, आणि पोरं चपलेवरच शाळेत येतात. मुंबईत बसून केलेली एकच यादी साऱ्या राज्याला लागू पडत नाही. कोकणातल्या जिल्ह्यांपुरता तरी त्या यादीत रेनकोट यायलाच हवा, आणि तो शाळा उघडायच्या आधी हातात पडायला हवा. गणपतीत मिळून उपयोग नाही. मापं एप्रिलमध्ये, परीक्षा संपायच्या आत घेता येतील. पहिलीत येणाऱ्यांची मापं अंगणवाडीत जाऊन घ्यावीत. माप घेताना पाठीवर भरलेलं दप्तर मात्र असू द्यावं.