संक्रांतीचा आठवडा आणि भाताचं गणित

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत नेमकी शर्यतीआधीच्या शेवटच्या आठवड्यात येते. धावपटू तिळाची गूळपोळी तुपासोबत चापतो आणि ‘कार्ब लोडिंग’ झालं असं समजतो. पण तीळ, शेंगदाणे आणि तुपाने पोट भरतं ते स्निग्धांशाने. स्नायूंत ग्लायकोजेन साठतं ते पिष्टाने आणि साखरेने. सोमवार ते गुरुवार नेहमीचं वरण-भात-भाजी पुरे, कारण सराव कमी झालेला असतो. खरा भर शुक्रवार-शनिवारी, वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 8 ग्रॅम कर्बोदकं. साठ किलोच्या माणसाला 480 ग्रॅम लागतात. 300 ग्रॅम तांदळाच्या भातातून सुमारे 235, 100 ग्रॅम पोह्यांतून 75, तीन केळ्यांतून 75, दोन मोठ्या उकडलेल्या बटाट्यांतून 40 आणि 60 ग्रॅम गुळातून 55 मिळतात. एवढं एका ताटात मावत नाही, म्हणून पाच-सहा वेळा थोडंथोडं खावं. शाकाहारी माणूस चुकतो तो इथेच: मटकीची उसळ, भाकरी, कोशिंबीर या एरवीच्या गुणी गोष्टी चोथ्याने पोट लवकर भरतात आणि रविवारी पहाटे शौचालयाच्या रांगेत उभं करतात. हे दोन दिवस पांढरा भात, पातळ वरण, दहीभातच बरा. शनिवारी काटा किलोभर पुढे सरकला तर घाबरू नये. दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. साठा होत असल्याची ती खूणच आहे.