ग्रॅच्युइटीचा हिशेब आणि मूळ पगाराची पळवाट

आष्टी तालुक्यातून दरवर्षी जो माणूस बाहेर पडतो, त्याचे दोन प्रकार आहेत. कोयता घेऊन टोळीबरोबर जाणारा एक. अहिल्यानगर किंवा पुण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या दारी कायमचा चिकटलेला दुसरा. हा दुसरा कामगार साठीच्या आसपास गावी परततो तेव्हा त्याच्या हाती निर्वाहनिधीखेरीज जी एकरकमी पुंजी पडते, ती ग्रॅच्युइटीची. घराचा स्लॅब, मुलीचे लग्न, विहिरीची दुरुस्ती यांचे मनसुबे त्याने या रकमेवर बांधलेले असतात. ही रक्कम किती असावी हे कायद्याने ठरवून दिले आहे. परंतु कारखान्याचा कारकून जो आकडा सांगेल तो मुकाट्याने मान्य करून सही करण्याचीच रीत पडली आहे.

कायद्याचे सूत्र साधे आहे. अखेरचे मासिक वेतन घ्यावे, त्यास २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि येणाऱ्या रकमेस सेवेच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांपेक्षा अधिक भरलेले अपुरे वर्ष पूर्ण वर्ष धरले जाते. यातील २६ हा आकडा कामगारांनी न्यायालयात झगडून मिळवलेला आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात केवळ ‘पंधरा दिवसांचे वेतन’ असे म्हटले होते. मालकांचे म्हणणे असे की महिना तीस दिवसांचा, तेव्हा पंधरा दिवस म्हणजे अर्धा पगार. दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. रविवारची सुटी वगळता कामगार महिन्याचा पगार सव्वीस दिवसांच्या श्रमातून मिळवतो, म्हणून एका दिवसाचे वेतन म्हणजे पगाराचा सव्विसावा भाग, हे तत्त्व मान्य झाले आणि १९८७ च्या दुरुस्तीने ते कायद्यात शब्दशः आले.

एक उदाहरण घेऊ. आष्टीकडचा एक कामगार खाजगी कारखान्यातून २७ वर्षे ८ महिने सेवा करून निवृत्त होतो. हातात येणारा पगार तीस हजार. पैकी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आणि घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते १८,००० रुपये. त्याची सेवा २८ वर्षे धरली जाईल. बारा हजारांवर पंधरा दिवसांचे वेतन ६,९२३ रुपये होते आणि ग्रॅच्युइटी १,९३,८४६ रुपये. कारकुनाने तीसने भागले आणि वरचे आठ महिने सोडून दिले, तर कागदावर १,६२,००० चा आकडा येतो. जवळजवळ बत्तीस हजार रुपये कोणालाही न विचारता मालकाच्या खिशात राहिले. असा हिशेब झाला आहे की काय, हे ओळखण्यास पदवी लागत नाही. रकमेला मूळ वेतनाच्या निम्म्याने भागून पाहावे; नेमकी पूर्ण वर्षांची संख्या आली, तर गफलत झालेली आहे.

परंतु खरी लूट भागाकारात नसून पगारपत्रकात आहे. पगार तीस हजारांचा, मग ग्रॅच्युइटी बाराच हजारांवर का? कारण कायद्याच्या लेखी वेतन म्हणजे मूळ पगार व महागाई भत्ता. घरभाडे, बोनस, जादा कामाचे पैसे त्यात येत नाहीत. मालकवर्गाने ही व्याख्या पुरती ओळखली. वेतनवाढ द्यावी ती भत्त्यांत, मूळ पगार मात्र वर्षानुवर्षे तेथेच ठेवावा, हा धडा खाजगी उद्योगाने फार लवकर गिरवला. कामगार महिन्याला हातात पडणाऱ्या रकमेवर समाधान मानतो आणि अठ्ठावीस वर्षांनी त्याची किंमत मोजतो.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आली व १९७२ चा कायदा तिच्यात विसर्जित झाला. कामगार संहितांविषयी समाजवादी चळवळीचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते कायम राहतील. तथापि एक तरतूद कामगाराने आपल्या पदरात पाडून घेतलीच पाहिजे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. आपल्या उदाहरणात भत्ते अठरा हजार, निम्मा मोबदला पंधरा हजार. म्हणजे तीन हजार वेतनात परत येतात आणि वेतन पंधरा हजार ठरते. ग्रॅच्युइटी २,४२,३०८ रुपये होते, म्हणजे सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजारांनी वाढते. संहिता अंमलात आल्यानंतर निवृत्त होणाऱ्याने जुन्या व्याख्येचा हिशेब स्वीकारू नये.

साखर कारखान्यातील हंगामी कामगाराची कथा याहून करुण. त्याला प्रत्येक हंगामामागे पंधरा नव्हे, सातच दिवसांचे वेतन मिळते. बारा हजारांच्या वेतनावर अठ्ठावीस हंगाम काढणाऱ्यास सुमारे नव्वद हजार. आणि त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणारा मुकादमाच्या उचलीवर आलेला असतो. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नावच नसते. त्याच्या हिशेबाला प्रारंभही होत नाही.

आता करासंबंधी. ग्रॅच्युइटीच्या कायद्याखाली येणाऱ्या खाजगी कर्मचाऱ्यास तीन रकमांपैकी जी सर्वांत लहान ती करमुक्त असते: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, वरील सूत्राने येणारी रक्कम आणि वीस लाख रुपये. १९६१ च्या आयकर कायद्यातील ही सूट २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही राखलेली आहे. म्हणून आपल्या कामगाराची संपूर्ण रक्कम करमुक्त ठरते. मालकाने खुशीने सूत्रापेक्षा पन्नास हजार अधिक दिले, तर तेवढेच पन्नास हजार त्या वर्षीच्या पगारी उत्पन्नात धरले जातील. वीस लाखांची मर्यादा मात्र आयुष्यभराची आहे. पूर्वीच्या नोकरीत घेतलेली सूट तीतून वजा होते.

दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानास कायदा लागूच नाही, जर ते पूर्वी कधी त्याच्या कक्षेत आलेले नसेल. तेथे मालकाने ग्रॅच्युइटी दिलीच, तर सूट दुसऱ्या व कृपण मापाने मोजतात: अखेरच्या दहा महिन्यांच्या सरासरीचा अर्धा पगार, आणि तोही केवळ पूर्ण वर्षांचा. ज्याला हक्क नाही त्याला सूटही कमी, असा हा न्याय आहे. सरकारी नोकराची निवृत्ती-ग्रॅच्युइटी मात्र सर्वच करमुक्त असते.

वीस लाखांची मर्यादा वाढवा, अशी मागणी वृत्तपत्रांतून वारंवार ऐकू येते. १९७२ साली ही मर्यादा वीस महिन्यांच्या वेतनाची होती व पगाराबरोबर आपोआप वाढत असे. १९८७ पासून रुपयांचा आकडा आला आणि १९९४, १९९७, २०१० व २०१८ साली तो वाढवावा लागला. मागणी रास्त आहे. पण अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर वीस लाखांना स्पर्श करण्यास मूळ वेतन एक लाख चोवीस हजारांच्या घरात असावे लागते. हे व्यवस्थापकाचे दुखणे आहे. कामगाराची रक्कम मर्यादेपाशी पोहोचतच नाही. ती पगारपत्रकातच गळते.

युनियनच्या शाखांनी याकरिता निवृत्तीची वाट पाहू नये. अखेरची पगारचिठ्ठी, नेमणूकपत्र आणि रुजू झाल्याची तारीख सिद्ध करणारा निर्वाहनिधीचा उतारा एवढे कागद प्रत्येकाजवळ असावेत. कामगाराचा अर्ज येवो न येवो, मालकाने हिशेब करून रक्कम लेखी कळवली पाहिजे व तीस दिवसांत चुकती केली पाहिजे. उशीर झाल्यास साधे व्याज द्यावे लागते. आकडा मान्य नसेल, तर सही करताना ‘हिशेब अमान्य’ असे लिहून रक्कम घ्यावी आणि बाकीसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागावी.