ऐरण म्हणजे काय गं?

गेल्या पावसाळ्यात भाज्याला भावाकडे चार दिवस राहायला गेले होते. पोचते न पोचते तोच वहिनी कौतुकानं म्हणाली, ''वन्सं, आमची चिऊ सगळी अक्षरं म्हणते हं! म्हण गं आत्याआजीला.'' चिऊ तीन वर्षांची. कमरेवर हात ठेवून, ठेक्यात डोलत तिनं अननसापासून सुरुवात केली आणि दमही न घेता पार शेवटापर्यंत पोचली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी सहज विचारलं, ''ऐरण म्हणजे काय गं?'' चिऊनं माझ्याकडे असं पाहिलं, की आजीला एवढंही कळू नये! म्हणाली, ''ऐरन म्हंजे गानं!''

आम्ही खूप हसलो. रात्री मात्र मला ते उत्तर आठवत राहिलं. खरंच होतं की तिचं! गावात लोहाराचा भाता तिनं पाहिलेलाच नाही. तिच्या लेखी ऐरण ही वस्तू नाही, गाण्यातला एक ठोका आहे.

माझा या गाण्याला विरोध नाही बरं का. ठेक्यामुळे शब्दाचा पहिला आवाज कानावर ठळक पडतो आणि एवढ्याशा मुलाला तेच हवं असतं. पण तो आवाज खरोखर शब्दात असायला हवा ना? उसाचंच बघा. आपण 'ऊस' दीर्घ म्हणतो, पण 'चा' लागला की तो 'उसाचा' होतो, ऱ्हस्व. म्हणजे अक्षर शिकवायचं ऊ आणि कानावर पडतो उ! दोष उसाचा नाही, मागे लावलेल्या 'चा'चा आहे. तो काढून नुसता 'ऊस' म्हटला, की काम झालं.

'च'ची गंमत वेगळीच. चमच्यातला च दातांशी उच्चारतो, चहातला टाळूशी. लिहायला अक्षर एकच, पण मुलाच्या कानाला आवाज दोन. गाण्यात नुसता चमचा असेल, तर चहाचा पहिला आवाज कोणता हे मूल चटकन सांगू शकत नाही आणि आपण उगाच त्याच्यावर चिडतो. दोन्ही शब्द शेजारी ठेवले तर त्याचं त्यालाच उमगतं.

ण आणि ळ तर मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत. म्हणून बाण आणि बाळ आणायचे. पण तिथं अक्षर शेवटी बसलंय, हे मुलाला सांगतं कोण? त्याचा कान सुरुवातीचा आवाज पकडायला सरावलेला, त्याला ऐकू येतो 'बा'. शिवाय चिऊच्या घरी सगळे 'पानी'च म्हणतात. ती घरची भाषा आहे, त्यावरून पोरीला टोकू नये. ण थोडा उशिरा शिकवला तरी काही बिघडत नाही. 'केळं' हातात देऊन 'शेवटी काय ऐकू आलं?' असं विचारता येतं, ळ तिथं सापडतो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून वहिनीनं आणि मी चिऊच्या पाहण्यातल्या वस्तू गोळा केल्या. 'ढ ढ ढग, लोहगडावर बघ.' 'च च चहा, चमचा घालून पहा.' 'ऊ ऊ ऊन, आलं खिडकीतून.' ऊन काही आलं नाही, आषाढच होता! रोज तीनच अक्षरं घेतली आणि पुस्तक मिटून ठेवलं. चित्र समोर असलं, की मूल चित्राचंच नाव 'अ' समजून बसतं. अननस दाखवला की चिऊ 'अ' म्हणायची, ते यामुळेच.

मुलाला समजलंय का, हे ओळखायची माझी एकच खूण आहे. 'ग नं सुरू होणारं आणखी काय?' असं विचारायचं. गाण्यातलाच शब्द परत आला, तर ते पाठांतर. गाण्याबाहेरचा आला, तर कान तयार झाला. मग तो शब्द गवत असो की गाडी. त्याआधी हातात पेन्सिल देण्याची घाई कशाला?

निघायच्या दिवशी उघडीप मिळाली म्हणून पायऱ्या चढून लेण्यांवर गेलो. तिथल्या एका विहारात दोन हजार वर्षांपूर्वीचं कोरीवकाम आहे. सूर्याचा रथ आणि इंद्राचा हत्ती, असं सांगतात. चिऊ हत्तीपाशी थबकली आणि ओरडली, ''ह!''

''ह नं आणखी काय गं?'' मी विचारलं.

गाण्यात हत्तीच होता. ती जरा थांबली, स्वतःशीच दोनदा 'ह, ह' म्हणाली आणि मग आजीच्या पदरावरच्या पिवळ्या डागावर बोट ठेवून म्हणाली, ''हळद!''