वरण-भात ‘पूर्ण’ आहे, पण पुरेसा आहे का?

“डॉक्टर, आम्ही रोज वरण-भात खातो, म्हणजे प्रोटीन पूर्ण मिळतंच ना?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांनी ही समजूत पक्की केली आहे. तिचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा धोक्याचा आहे, आणि त्याच्याविरुद्ध मला आज बोलायचे आहे.

आधी खरे काय ते पाहू. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तांदळात ही नऊही असतात, पण लायसिन नावाचे एक कमी पडते. प्रौढ माणसासाठी एक ग्रॅम प्रथिनात साधारण 45 मिलिग्रॅम लायसिन हवे. तांदळाच्या प्रथिनात ते 37च्या आसपास असते. तुरीच्या डाळीत मात्र 65 ते 70. उलट डाळीत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले बेताची असतात, ती तांदूळ पुरवतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे “शाकाहारी प्रथिन अर्धवटच” असे सांगून पावडरचे डबे विकणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही.

पण ‘पूर्ण’ हा शब्द फक्त अमिनो आम्लांच्या प्रमाणाबद्दल बोलतो. प्रथिन किती मिळाले, याबद्दल तो काहीच सांगत नाही. नेमकी इथेच आपली फसगत होते.

समजा, 55 किलो वजनाची एक निरोगी गृहिणी आहे. आयसीएमआरच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे तिला किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिन हवे. तिच्या ताटात 100 ग्रॅम तांदळाचा भात आणि पातळ वरणाची एक वाटी आहे. त्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम 15 ग्रॅम असते. तांदळातून साधारण 8 ग्रॅम आणि डाळीतून सव्वातीन ग्रॅम प्रथिन मिळाले. एकूण अकरा ग्रॅम. लायसिनचा हिशेब केला तर हे ताट काठावर पास होते. पण असे ताट दोन वेळा जेवले तरी 22 ग्रॅमच झाले, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. गुण चांगला, माप तोकडे. आणि ही तूट भात वाढवून भरू गेलात, तर प्रथिनापेक्षा पिष्टच जास्त पोटात जाईल.

आपल्या घरात काय चालले आहे हे तपासायला रक्ताची तपासणी लागत नाही, किराणाची यादी पुरते. चार माणसांच्या घरात महिन्याला एक किलो तूरडाळ येत असेल आणि बाकी कडधान्ये नावालाच असतील, तर माणशी रोज आठ ग्रॅम डाळ पडते. त्यातून दोन ग्रॅमही प्रथिन मिळत नाही. माणशी रोज 60 ग्रॅम डाळ-कडधान्य हवे असेल, तर याच घराला महिन्याला सात किलोंहून थोडे अधिक लागेल. त्यात मूग, मटकी, हरभरा, चवळी, बेसन सगळे धरा.

मग दिवस कसा जमतो? त्याच गृहिणीसाठी 150 ग्रॅम तांदूळ (12 ग्रॅम), 80 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्या (8), दाट वरण, उसळ किंवा पिठले मिळून 70 ग्रॅम डाळ-कडधान्य (15), 300 मिलिलिटर दूध किंवा त्याचे दही (साडेनऊ) आणि मूठभर शेंगदाणे (5). बेरीज पन्नासच्या जवळ जाते. अंडी खात असाल तर काम आणखी सोपे.

डाळ आणि भात एकाच घासात हवेत, हाही गैरसमज आहे. 1971 साली फ्रान्सिस मूर लापे यांच्या पुस्तकामुळे अमेरिकेत असा आग्रह रुजला. 1981च्या आवृत्तीत लेखिकेनेच तो मागे घेतला. सकाळची उसळ आणि रात्रीचा भात हेही एकमेकांना पूरक ठरतात. दिवसभराची बेरीज महत्त्वाची.

दोन अपवाद लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिन वाढवू नका. आणि घरातल्या वृद्धांची भूक कमी होते, प्रथिनाची गरज मात्र होत नाही. “त्यांना पचायला हलकं” म्हणून आपण त्यांच्यासाठी वरण आणखी पातळ करतो. त्यांच्या वाटीतले पाणी आधी कमी करा. मऊ शिजवलेली दाट मुगाची डाळही हलकीच असते.