घड्याळात अठरा सेकंद

सप्टेंबर २०२३ मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांची रॅपिड स्पर्धा जिंकली. वय सतरा, मानांकनात सगळ्यात खाली, आणि मागे टाकलं ते थेट जगज्जेत्या जू वेनजुनला. तिथे प्रत्येकीला पंचवीस मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव मिळत होती. पंचवीस मिनिटं संपतातच. त्यानंतरचा डाव त्या दहा-दहा सेकंदांवर चालतो, आणि आमच्यासारख्या रविवारच्या खेळाडूंची खरी तारांबळ तिथेच उडते.

कोलकात्यातल्या अशाच एका छोट्या स्पर्धेतला माझा डाव सांगतो. घरात पट असेल तर मांडूनच बघा. माझी पांढरी: राजा जी१, वजीर एच६, हत्ती एफ१, प्यादी जी२ आणि एच२. काळी: राजा जी८, हत्ती एफ८ आणि ए८, वजीर ए४, घोडा बी६, प्यादं एफ७. हल्ल्यासाठी मी एक हत्ती आणि एक घोडा उधळून बसलो होतो. त्याच्या राजासमोरची जी आणि एच पट्टी उघडी. चाल माझी, घड्याळात अठरा सेकंद.

हात शिवशिवत होता हत्ती एफ३ला न्यायला. पुढच्या चालीला हत्ती जी३ शह, आणि मग मात! दिसायला सुंदर. पण ही चाल शह देत नाही, म्हणजे मधली एक चाल समोरच्याला फुकट मिळते. ती मोकळी चाल घेऊन तो काय करेल, हे मोजायला अठरा सेकंद पुरतील याची मला खात्री नव्हती.

अशा वेळी मी सर्वोत्तम चाल शोधत नाही. आधी बघतो, खिशात बरोबरी आहे का? इथे होती. वजीर जी५, शह. राजा एच८ला गेला तर वजीर एच६ शह, राजाला परत जी८लाच यावं लागतं. राजा एच७ला गेला तर वजीर एच५ शह, आणि तो जी७ला जावो की जी८ला, पुन्हा वजीर जी५. एफ७ आणि एफ८ त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेले, त्यामुळे तिकडे पळायला वाट नाही. एक गोष्ट मात्र तपासावी लागते: मध्ये कोणी आडवं येऊ शकतं का? त्याचा वजीर ए४वरून जी६, जी७, एच६ किंवा एच७ला एका चालीत पोहोचत नाही. घोडाही नाही. तो वजीर सी२वर असता तर जी६ला आडवा आला असता आणि माझी बरोबरी हवेत विरली असती. ही तपासणी पाचेक सेकंदांत होते, कारण शहाला उत्तरं मोजकीच असतात.

मग मी शह देऊन एक फेरी मारली: वजीर जी५, राजा एच८, वजीर एच६, राजा जी८. पट जिथल्या तिथे. मात्र दोन चालींचे वीस सेकंद मिळाले आणि माझे चारच गेले होते. घड्याळात आता चौतीस. हा व्यवहार एकदाच करता येतो, कारण तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की कोणीही बरोबरी मागू शकतो. ब्लिट्झमध्ये दर चालीला दोनच सेकंद मिळत असतील तर यातून हाती काहीच लागत नाही.

या उसन्या वेळात मी हत्ती एफ३ नीट पाहिली, आणि अंगावर काटा आला. काळा वजीर डी४, शह! मी राजा हलवला की वजीर जी७ला, थेट माझ्या वजिरासमोर. मध्ये मोहरं घालावं म्हटलं तरी सुटका नाही. वजीर ई३ला घातला तर वजीरच मारले जातात, हत्ती ई३ला घातला तर वजीर जी७ला आहेच. हल्ला संपला, आणि त्याच्याकडे हत्ती-घोडा जास्तीचे. अठरा सेकंद असताना मला फक्त माझी मात दिसत होती, त्याचा शह दिसलाच नव्हता. आता घाईत चाल खेळायच्या आधी मी समोरच्याला कुठून शह देता येतो एवढं तरी पाहतो.

खिशात बरोबरी नसेल तर? तेव्हा पुढे असलेल्याने वजीर मारामारी करून टाकावी, मागे असलेल्याने मुळीच करू नये. मला तरी याहून भरवशाचं काही सापडलेलं नाही. आणि समोरच्याचंही घड्याळ लाल असेल तर त्याला शहासारख्या एकाच उत्तराच्या चाली देऊ नयेत, कारण त्या त्यालाही झटपट खेळता येतात. एकदा बरोबरी पक्की नसताना मी उगाच शह देत सुटलो आणि समोरच्या राजाला स्वतःच सुरक्षित घरी नेऊन सोडलं होतं.

त्या दिवशी मात्र मी पुन्हा वजीर जी५ला ठेवला. समोर आठवीतला मुलगा होता. त्याने राजा एच८ला सरकवला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “काकू, ड्रॉ?”

बंगालीत काकू म्हणजे काका. इतकी वर्षं इथे राहूनही मी दचकतोच. हात पुढे केला.