‘लवकर करावे’ नको, तारीख मागा

खडवली स्टेशनबाहेर रिक्षा चालवणाऱ्या माणसाचा वाहनचालक परवाना नूतनीकरणात अडकला, की रोजची भाकरीच अडकते, कारण मुदत संपलेल्या परवान्यावर रस्त्यावर उतरता येत नाही. अशा वेळी लिहिल्या जाणाऱ्या तक्रारीत घरची अडचण पानभर असते आणि शेवटी ‘लवकर करावे ही विनंती’. त्या विनंतीला उत्तर देण्याचं बंधन कुणावरच येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेला कालमर्यादा असते, पण ती परिपूर्ण अर्ज मिळाल्या दिवसापासून मोजतात. म्हणून आधी ‘सारथी’वर अर्जाची स्थिती पाहा. नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र धूसर दिसतं म्हणून अर्ज परत आला असेल, तर मुदत सुरूच झालेली नसते, आणि हे अर्जदाराला कित्येकदा कुणी सांगतही नाही, याचा मला खरंच राग येतो. त्रुटी नसेल तर तक्रारीला चार ओळी पुरतात: सेवेचं नाव, अर्ज क्रमांक, परिपूर्ण अर्जाची तारीख, मुदत संपल्याची तारीख. मागणी एकच ठेवा, ‘अमुक तारखेपर्यंत परवाना द्या, नाहीतर नाकारण्याचं कारण लेखी कळवा.’ प्रतीवर आवक शिक्का घ्याच. मात्र तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करायचं असतं, आणि विलंबाला पुरेसं कारण नसेल तर जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.