विश्लेषण : आठ टेबले, एक खोली... ‘एआय’च्या चित्रावरून ऑफिसची बैठकव्यवस्था ठरवता येते का?

डिजिटल डेस्क, रत्नागिरी

सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या ‘नॅनो बनाना’ने साडीतल्या फोटोंची लाट आणली आणि दोन ओळी लिहून हवे ते चित्र मिळते, हे घराघरांत पोहोचले. आता तीच साधने कामाच्या ठिकाणीही वापरली जात आहेत. नवे स्टार्टअप सुरू करणारा संस्थापक इंटिरिअर डिझायनरकडे जाण्याआधी मोबाइलवरच ‘माझ्या ऑफिसचे चित्र दाखव’ असे लिहितो. काही सेकंदांत देखणे ऑफिस समोर येते. मात्र ते त्याच्या खोलीचे असतेच असे नाही.

उदाहरणादाखल रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात पहिल्या मजल्यावर भाड्याने घेतलेली एक खोली धरू. लांबी २० फूट, रुंदी १५ फूट. पूर्वेच्या आखूड भिंतीत दार, समोरच्या पश्चिमेच्या भिंतीत मोठी खिडकी. आठ जणांना बसवायचे आहे. सुताराला टेबलांची ऑर्डर देण्याआधी आणि इलेक्ट्रिशियनने भिंत फोडण्याआधी निर्णय हवा, कारण नंतरचा बदल म्हणजे दुप्पट खर्च.

आधी चौकटीची वही, मग चित्र

लॅपटॉप आणि मॉनिटरसाठी ४ बाय २ फुटांचे टेबल पुरते. खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी टेबलामागे साधारण ३ फूट लागतात. या दोन आकड्यांवर तीन मांडण्या तपासता येतात.

पहिली, भिंतीला लागून. दोन्ही लांब भिंतींना चार-चार टेबले, म्हणजे प्रत्येक भिंतीचे २० पैकी १६ फूट भरतात आणि दाराजवळ ४ फूट उरतात. रुंदीत दोन टेबले आणि दोन खुर्च्यांचे १० फूट जातात, मध्ये ५ फुटांची वाट मोकळी राहते.

दुसरी, मधोमध बेट. चार टेबलांच्या दोन रांगा समोरासमोर. रुंदीत इथेही १० फूटच जातात, पण उरलेले ५ फूट दोन बाजूंना विभागले जाऊन प्रत्येकी अडीच फुटांची वाट होते. त्यात दीड फूट खोलीचे कपाट ठेवले तर उरतो एक फूट. बेट एका बाजूला सरकवले तर दुसऱ्या बाजूच्या चौघांना एकमेकांच्या खुर्च्यांमागून अंग चोरत बाहेर पडावे लागते. शिवाय प्लग भिंतीवर आणि टेबले मध्यभागी, त्यामुळे वायर जमिनीवरून वाट ओलांडणार किंवा छतातून खाली उतरणार.

तिसरी, वर्गासारख्या आडव्या रांगा. एका रांगेत तीन टेबले, बाजूला ३ फुटांची वाट. अशा तीन रांगांत नऊ जण मावतात. आकड्यांत हीच मांडणी सरस दिसते. तिची अडचण खिडकीत आहे, त्याकडे पुढे येऊ.

चित्राला फूट का कळत नाहीत?

ही साधने खोली मोजून उभारत नाहीत. असंख्य चित्रे आणि त्यांच्याखालची वर्णने पाहून, अशा शब्दांसोबत सहसा काय दिसते, हे ती शिकलेली असतात. ‘२० बाय १५ फूट’ हे त्यांच्यासाठी माप नसून ‘छोटे ऑफिस’ असा साधारण संकेत असतो. नुसते ‘स्टार्टअप ऑफिस’ लिहिले की काचेच्या भिंती, उंच छत आणि कुंड्या येतात. आठ टेबले सांगितली तर कधी सहा येतात, कधी दहा. ‘खांब नको’ लिहिले तर पुष्कळदा खांबच उगवतो, कारण शब्द तर आलेला असतो. नको असलेल्या गोष्टीचे नाव न घेता ‘मधली जागा पूर्ण मोकळी’ असे लिहिलेले बरे.

याहून फसवा घोटाळा तुलनेत होतो. तीन मांडण्यांसाठी तीन वेगळी वर्णने लिहिली तर एका चित्रात सकाळचे ऊन असते, दुसऱ्यात लाकडी फरशी, तिसऱ्यात कॅमेरा कोपऱ्यातून रुंद कोनात असल्याने खोली दीडपट मोठी भासते. संस्थापकाला वाटते आपण मांडणी निवडली. प्रत्यक्षात त्याने उजेड निवडलेला असतो.

वर्णन कसे लिहावे?

उपाय प्रयोगशाळेतलाच आहे : बाकी सगळे स्थिर, एकच गोष्ट बदलायची. पहिल्या मांडणीसाठी सूचना अशी लिहिता येईल :

‘२० फूट लांब, १५ फूट रुंद खोली, छत १० फूट. कॅमेरा दारात मधोमध, जमिनीपासून ५ फूट उंचीवर, समोरच्या आखूड भिंतीकडे पाहणारा. त्या भिंतीत एकच खिडकी. डाव्या लांब भिंतीला चार टेबले सलग, उजव्या भिंतीलाही चार. प्रत्येक टेबल ४ बाय २ फूट, त्यावर एक लॅपटॉप, समोर एक खुर्ची, बसणाऱ्याचे तोंड भिंतीकडे. मधली जागा पूर्ण मोकळी. पांढऱ्या रिकाम्या भिंती, करडी फरशी, दुपारचा साधा उजेड.’

यासोबत चौकटीच्या वहीतल्या आराखड्याचा फोटो जोडला तर निकाल बराच सुधारतो. पुढच्या मांडणीसाठी नवे वर्णन लिहू नये. हेच चित्र परत देऊन ‘खोली, खिडकी, कॅमेरा आणि उजेड तसाच ठेव, फक्त टेबलांची जागा बदल’ असे सांगून नव्या जागा लिहाव्यात. तरीही खिडकी हळूच रुंद होते, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्या चित्राशी ताडून पाहणे आले. टेबले आणि खुर्च्या बोट ठेवून मोजाव्यात. मग त्याच मांडणीचे वरून दिसणारे चित्र मागवावे : चार टेबलांनी भिंतीचा चार-पंचमांश भाग व्यापलेला हवा. ती अर्ध्यातच संपत असतील तर साधनाने खोली ताणली आहे, आणि मधली ऐसपैस वाटही खोटी आहे.

मग चित्राचा उपयोग काय?

आकड्यांना न दिसणारे काही चित्र दाखवते. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे साधारण ४ फुटांवर ठेवायला सांगितला की कळते : पहिल्या मांडणीत दारात उभा राहिलेला कोणीही आठही स्क्रीन पाहू शकतो आणि व्हिडीओ कॉलवर प्रत्येकामागे समोरच्या रांगेच्या पाठी दिसतात. बेटाच्या मांडणीत मान वर केली की सहकारी समोर असतो. काहींना ते हवे असते, काहींना नको.

जे चित्र लपवते ते मात्र इथे महत्त्वाचे ठरते. खिडकी पश्चिमेला आहे. आडव्या रांगा खिडकीकडे तोंड करून लावल्या तर ऑक्टोबरच्या संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत, पाठ करून लावल्या तर स्क्रीनवर. चित्रात तिन्ही मांडण्यांवर सारखाच मऊ उजेड पडतो, त्यामुळे नऊ जागांची तिसरी मांडणी तिथे निर्दोष वाटते. उरलेल्या दोन्हींत माणसे उत्तर-दक्षिण तोंडाने बसतात, उजेड बाजूने येतो. पावसाळ्यात आठ जणांच्या छत्र्या, रेनकोट आणि ओल्या चपलांना दाराजवळचे ते ४ फूट लागतात, हेही कोणत्या चित्रात येत नाही. पार्टिकल बोर्डचे टेबल कोकणातल्या दमट हवेत कडेने फुगते, तेही नाही.

या खोलीसाठी हिशेब भिंतीला लागून असलेल्या मांडणीकडे झुकतो. स्क्रीन उघड्या पडण्याचा प्रश्न दाराजवळ एक आडोसा लावून सुटू शकतो. सुताराला फोन करण्याआधी एक काम उरते. फरशीवर खडूने आठही टेबले खऱ्या मापात आखायची, दोन खुर्च्या पाठीला पाठ ठेवून त्यांवर माणसे बसवायची आणि तिसऱ्याने मधून चालून पाहायचे.